‘आत्ता घ्या, नंतर द्या’चा एक हप्ता चुकला तर नेमके किती पैसे जातात?

चौकस

ऑनलाइन खरेदीत पैसे भरायच्या पानावर आता कार्डाच्या शेजारीच ‘तीन हप्ते, व्याज शून्य’ असा पर्याय दिसतो. वेळेवर भरलं तर कार्डातही व्याज नाही आणि यातही नाही, एवढं कळलं. मला विचारायचंय ते न भरल्यावरचं.

उदाहरण धरू. ९,००० रुपयांची वस्तू, खरेदी ५ जूनला. पर्याय एक: ३,००० चे तीन हप्ते, ५ जुलै, ५ ऑगस्ट आणि ५ सप्टेंबरला खात्यातून आपोआप वळते होणार. पर्याय दोन: क्रेडिट कार्ड, बिल २० जूनला, भरायची शेवटची तारीख १० जुलै. दोन्हीकडे पहिलीच रक्कम बारा दिवस उशिरा भरली तर एकूण भुर्दंड किती? ‘जास्त लागतो’, ‘फसवणूक आहे’ अशी उत्तरं नकोत. आकडे हवेत आणि ते कुठून येतात तेही.

उनाड

एवढा विचार कशाला? व्याजच नाही म्हणजे ते कर्ज नव्हेच, दुकानदाराची उधारी आहे. सिबिलवर कार्ड दिसतं, हे दिसत नाही. हप्ता चुकला तर फार तर अ‍ॅप तुमचं खातं गोठवेल. कार्डवाले मात्र ४२ टक्के लावतात. माझं मत हप्त्यांना.

खतावणी

उनाड, शेवटचा आकडा बरोबर आहे. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, हा कार्डांचा नेहमीचा दर. बाकी मात्र उलट आहे.

अ‍ॅप फक्त दारात उभं असतं. आत पैसे देणारी एखादी बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी वित्तसंस्था असते. तुम्ही ‘तीन हप्ते’वर बोट ठेवता तेव्हा त्या संस्थेकडून तुमच्या नावावर ९,००० चं कर्ज मंजूर होतं आणि रक्कम विक्रेत्याकडे जाते. व्याज शून्य दिसतं कारण ते विक्रेत्याने किंवा कंपनीने सोसलेलं असतं. विक्रेत्याच्या हातात ९,००० पेक्षा कमी पडतात, तो फरक म्हणजे कर्ज देणाऱ्याची कमाई. व्याज कुणीतरी भरलेलंच आहे, फक्त तुम्ही नाही.

आणि सिबिलवर दिसतं. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जाचे नियम काढले. त्यात विक्रेत्याच्या मंचावर दिलेलं अल्पमुदतीचं किंवा ‘नंतर द्या’ प्रकारचं कर्जही सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोला कळवायचं, असं स्पष्ट आहे. गंमत अशी की अहवालात अ‍ॅपचं नाव नसतं, मागच्या एनबीएफसीचं असतं. त्यामुळे ‘हे कसलं कर्ज, मी घेतलंच नाही’ म्हणून लोक तक्रार करतात आणि नंतर कळतं की ते आपलेच हेडफोन होते.

चौकस यांच्या हिशेबाकडे जेवणानंतर वळतो. सगळे आकडे एका जागी मांडावे लागतील.

दगडू

कार्डावर नो कॉस्ट इएमआय असतो, त्याबद्दलच विचारताय ना? मी नेहमी तेच करतो, सहा महिने. त्यात काहीच जात नाही.

चौकस

नाही दगडू, कार्डाचा इएमआय वेगळा. मी अ‍ॅपच्या हप्त्यांबद्दल विचारतोय, कार्डाचा संबंध नसलेल्या.

खतावणी

दगडूंचा मुद्दा निघालाच आहे तर दोन वाक्यं. कार्डाच्या नो कॉस्टमध्ये व्याज लागतंच, तेवढी सूट आधी किमतीत दिलेली असते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सुटीत धरलेला नसतो, आणि वर प्रक्रिया शुल्क असू शकतं. म्हणून ‘काहीच जात नाही’ हे खरं नाही, थोडं जातं. शिवाय बिलातली निदान एवढी तरी भराच अशी जी ‘किमान देय’ रक्कम असते, तिच्यात तो मासिक हप्ता अख्खाच्या अख्खा येतो. किमान रक्कम भरून हप्ता पुढे ढकलता येत नाही. हे लक्षात ठेवा, ‘किमान देय’ पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

आता मूळ हिशेब. दर संस्थेगणिक बदलतात, मी मधले धरतो.

हप्त्यांची बाजू. खात्यातून हप्ता आपोआप वळता करायला तुम्ही आधी दिलेली परवानगी म्हणजे मॅन्डेट. ५ जुलैला सकाळी कर्जदात्याने ३,००० साठी ते पाठवलं. खात्यात समजा २,८४० होते. अर्धवट रक्कम वळती होत नाही, मॅन्डेट जसंच्या तसं परत जातं. इथे एकाच चुकीसाठी दोघं जण पैसे मागतात, आणि बहुतेकांना फक्त एक माहीत असतो.

पहिला कर्जदाता. त्याचा बाउन्स आकार, समजा ४५०.
दुसरी तुमची स्वतःची बँक. ‘शिल्लक नव्हती, मॅन्डेट परत पाठवावं लागलं’ याचे ती घेणार, समजा २५० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५. याचा कर्जाशी संबंध नाही. हे तुमच्या बचत खात्याच्या शुल्कपत्रकात लिहिलेलं असतं.

कर्जदाता तिथे थांबत नाही. ८ जुलैला त्याने तेच मॅन्डेट परत लावलं, खातं तसंच. बँकेचे आणखी २९५. मग १७ तारखेला तुम्ही ३,००० भरता. बारा दिवसांचं दंडात्मक शुल्क, महिना ३ टक्के धरलं तर साधारण ३६ रुपये.

बेरीज: ४५० अधिक २९५ अधिक २९५ अधिक ३६, म्हणजे १,०७६. तीन हजार रुपये बारा दिवस उशिरा दिल्याचे. वार्षिक दरात मांडलं तर हजार टक्क्यांच्या वर जातं. पण इथे वार्षिक दर काढण्यात अर्थ नाही, कारण पैसे दिवसांवर लागलेलेच नाहीत. ते खटक्यावर लागलेत. एक दिवस उशीर झाला असता तरी ४५० आणि २९५ गेलेच असते. आणि हप्ता ३,००० ऐवजी ६०० चा असता तरी तेवढेच.

जाहिरातीत ‘विलंब शुल्क फक्त ३ टक्के’ लिहितात, त्याचे झाले ३६ रुपये. उरलेले १,०४० ज्या ओळींतून आले त्या जाहिरातीत नसतात.

उनाड

बँक दुसऱ्यांदाही घेते? एकाच हप्त्यासाठी?

खतावणी

बँकेवर आहे. काही बँका परत आलेल्या प्रत्येक मॅन्डेटमागे घेतात, काही महिन्यात अमुक वेळाच. शुल्कपत्रकात ‘एनएसीएच रिटर्न’ किंवा ‘इसीएस रिटर्न’ अशी ओळ शोधा.

टाकसाळ

कार्डाची बाजू मी करतो.

खरेदी ५ जूनची. १० जुलैला काहीच भरलं नाही, सगळे ९,००० बावीस तारखेला भरले. कार्डात व्याज शेवटच्या तारखेपासून लागत नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. ५ जून ते २२ जुलै ४७ दिवस. ९,००० वर वर्षाला ४२ टक्क्यांनी ४७ दिवसांचे होतात ४८७. त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५७४. विलंब शुल्क थकबाकीच्या टप्प्यानुसार, इथे ५०० धरू, जीएसटीसह ५९०. एकूण १,१६४.

म्हणजे चौकस, काहीच न भरता बारा दिवस घालवले तर दोन्हीकडे भुर्दंड जवळजवळ सारखा. कार्ड थोडं महागच. उनाड यांचं मत इथवर टिकतं.

आता किमान देय भरलं असं धरा. पाच टक्के, ४५० रुपये, १० जुलैला. उरलेले ८,५५० बावीसला. व्याज पहिल्या ३५ दिवसांचं ९,००० वर, पुढच्या १२ दिवसांचं ८,५५० वर, मिळून ४८०, जीएसटी धरून ५६७. विलंब शुल्क शून्य. अहवालात थकबाकी शून्य. भुर्दंड निम्म्यावर आला आणि नोंद स्वच्छ राहिली.

माझ्या लेखी दोन्हीतला खरा फरक हा आहे. व्याजदर नंतर. कार्डात अडचणीच्या महिन्यासाठी एक महागडी पण कायदेशीर खिडकी आहे, ४५० टाका आणि महिना ढकला. हप्त्याच्या कर्जात ती नाही. ३,००० म्हणजे ३,०००. २,९९९ भरले तरी तुम्ही थकबाकीदारच.

ही खिडकी वारंवार उघडली तर मात्र घर रिकामं होतं. मागचं बिल पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, भाजी घेतली तरी त्याच क्षणापासून व्याज.

चौकस

हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. कार्डाला तीन दिवसांची सवलत असते असंही वाचलं होतं. ती धरली का?

टाकसाळ

बारा दिवसांच्या उदाहरणात तिचा उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्ड नियमांनुसार थकबाकी तीन दिवसांहून जास्त राहिली तरच कार्ड कंपनी ब्युरोला ती कळवू शकते आणि विलंब शुल्क लावू शकते. १० ची तारीख हुकली आणि १२ ला भरलं तर विलंब शुल्क नाही. पण चौथा दिवस उजाडला की दिवस १० पासूनच मोजले जातात, ‘तीन दिवस माफ’ होत नाहीत. आणि ही सूट विलंब शुल्काची आहे, व्याजाची नाही.

हप्त्याच्या कर्जाला असा तीन दिवसांचा सरसकट नियम नाही. करारात असेल तेवढंच.

मी_सुलभा

तीन वेगळ्या अ‍ॅपवर मिळून पाच हप्ते चालू आहेत माझे. तारखा २, ५, ५, ७ आणि १०. पगार कधी ३१ ला, कधी ४ ला. मागच्या महिन्यात बँकेने चार वेळा रिटर्नचे पैसे कापले. एका अ‍ॅपवर हप्ता भरला तरी ‘थकबाकी ४५०’ दाखवतंय आणि फोन येताहेत. मी तर हप्ता पूर्ण भरलाय!

वसुलीवाला_माजी

सुलभाताई, त्या ४५० चं आधी सांगतो, कारण ते वाढत जाणारं आहे.

समजा तुमचा हप्ता ३,००० चा. तुम्ही ३,००० भरलेत, पण त्यांच्या खात्यात तुमच्याकडून येणं होतं ३,४५०. बऱ्याच करारांत एक कलम असतं: आलेली रक्कम आधी शुल्कांत, मग व्याजात, शेवटी मुद्दलात वळवावी. म्हणून तुमच्या ३,००० मधले ४५० बाउन्स आकारात गेले आणि हप्त्यातले ४५० बाकी राहिले. तुमच्या दृष्टीने हप्ता भरलेला, प्रणालीच्या दृष्टीने हप्ता अपुरा. आणि अपुरा हप्ता म्हणजे थकीत हप्ता, दिवस मोजणं चालूच राहतं. तीस दिवस ओलांडले की खातं पुढच्या टप्प्यात, नव्वद ओलांडले की एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं कर्ज, मग बाकी ४५० असो की ४५ हजार.

आज दोन कामं करा. अ‍ॅपमधून खात्याचा उतारा काढा, नावात ‘लोन स्टेटमेंट’ किंवा ‘स्टेटमेंट ऑफ अकाउंट’ असेल. त्यात तुमचे ३,००० कोणत्या ओळीत गेले ते दिसेल. उरलेले ४५० लगेच भरा आणि शुल्काबद्दल वाद असेल तर तो भरल्यावर लेखी घाला. वाद मिटेपर्यंत न भरणं तत्त्व म्हणून ठीक आहे, पण दिवस तुमच्या नावावर मोजले जातात.

फोनबद्दल: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. घरच्यांना, ओळखीच्यांना फोन करून बदनामी करणंही चालत नाही. कॉलची वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

खतावणी

त्या कलमाच्या जोडीला एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार बँका आणि एनबीएफसींना दंड व्याजदरात मिसळता येत नाही, तो ‘दंडात्मक शुल्क’ म्हणून वेगळा दाखवावा लागतो आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उताऱ्यात दंडावर दंड दिसला तर त्याच परिपत्रकाचा हवाला देऊन लिहा. क्रेडिट कार्डं या परिपत्रकातून वगळलेली आहेत, म्हणून ‘कार्डवाल्यांना का नाही’ असं भांडायला जाऊ नका.

आणि अशा नियमित संस्थांनी लावलेल्या दंडात्मक शुल्कावर जीएसटी नाही, हे जानेवारी २०२५ च्या जीएसटी परिपत्रकात स्पष्ट केलंय. ३६ वर मी जीएसटी लावला नाही तो विसरून नव्हे.

उनाड

म्हणजे दंड बेकायदेशीरच झाला की २०२४ पासून. भरायचाच नाही.

खतावणी

नाही हो. दंड चालतो, दंडावर व्याज चालत नाही. त्यातही दंड ‘वाजवी’ असावा एवढंच म्हटलंय, कमाल आकडा ठरवलेला नाही.

तुम्हाला भांडायला बळ देणारी गोष्ट दुसरी आहे. कर्ज देण्याआधी मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं, केएफएस म्हणतात ते. त्यात सगळी शुल्कं एका तक्त्यात असतात. जे शुल्क त्यात नाही ते कर्ज संपेपर्यंत तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हप्त्यांचा पर्याय निवडल्यावर ‘पुढे’ दाबण्याआधी ते पत्रक उघडा. सगळं वाचायची गरज नाही, तीन ओळी शोधा: बाउन्स आकार, दंडात्मक शुल्काचा दर, आणि तो दर कशावर लागतो. थकीत हप्त्यावर ३ टक्के आणि सगळ्या शिल्लक कर्जावर ३ टक्के यात आपल्या उदाहरणात पहिल्याच महिन्यात तिप्पट फरक पडतो.

चौकस

केएफएस मी आत्ता उघडून पाहिलं. बाउन्स आकार आहे. पण ‘बिनव्याजी ३० दिवस, न भरल्यास इएमआयमध्ये रूपांतर’ असंही एक वाक्य आहे. हे काय?

टाकसाळ

हा दुसरा प्रकार, महिनाभर खरेदी करा आणि शेवटी एकदम भरा. बाहेरून कार्डासारखाच दिसतो. फरक तारीख चुकल्यावर. काही ठिकाणी थकलेली रक्कम आपोआप तीन किंवा सहा हप्त्यांच्या व्याजी कर्जात जाते, प्रक्रिया शुल्कासकट. तारीख हुकली म्हणून दंड झाला असं तुम्हाला वाटतं, पण प्रत्यक्षात एक नवीन कर्ज सुरू झालेलं असतं आणि दरमहा एक नवा मॅन्डेट खात्यावर येऊ लागतो. ते रूपांतर आपोआप होणार की तुम्हाला विचारून, हे त्या वाक्याच्या आसपासच लिहिलेलं असतं. ‘आपोआप’ असेल तर मी तो पर्याय घेणार नाही.

मी_सुलभा

मॅन्डेट रद्द करून टाकलं तर? बँकेचे पैसे तरी कापले जाणार नाहीत. मी स्वतः अ‍ॅपवरून भरेन.

वसुलीवाला_माजी

हा सल्ला मी देणार नाही. मॅन्डेट रद्द केल्याने कर्ज रद्द होत नाही, पण बऱ्याच करारांत मॅन्डेट चालू ठेवणं ही अट असते. ती मोडली म्हणून वेगळं शुल्क लागू शकतं.

शिवाय शिल्लक नसल्याने परत गेलेलं इलेक्ट्रॉनिक मॅन्डेट हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली गुन्हा आहे, चेक न वटण्यासारखाच. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस येऊ शकते आणि ती मिळाल्यावर भरायला पंधरा दिवस असतात. तीन हजारांसाठी कोर्टात जाणं कुणाला परवडत नाही, पण नोटिसा छापायला पैसे लागत नाहीत, म्हणून त्या येतात. आली तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका, पंधरा दिवसांत भरून पावती जपा.

टाकसाळ

मी इथे वसुलीवाला यांच्याशी थोडा असहमत. ज्याच्या पगाराची तारीख हलती आहे त्याला मॅन्डेट हा सापळाच आहे. बँकेला आणि कर्जदात्याला लेखी कळवून, करारात दंड नाही हे पाहून रद्द केलं आणि दर वेळी दोन दिवस आधी हाताने भरलं, तर चुकीचं काय?

वसुलीवाला_माजी

कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात दुसऱ्या महिन्यात माणूस विसरतो. पाच हप्ते हाताने भरणारा माणूस मी फारसा पाहिला नाही.

खतावणी

हे दोघं वाद घालू देत. सुलभाताई, तोवर मॅन्डेट ठेवूनही करता येण्यासारखं सांगतो.

मॅन्डेट बहुधा तारखेच्या सकाळीच लागतं. पगार त्याच दिवशी दुपारी जमा झाला तरी सकाळचं मॅन्डेट परत गेलेलं असतं. म्हणून पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात हवेत. ‘पाच तारखेला भरायचंय’ असं नाही, ‘चार तारखेच्या रात्री पडलेले हवेत’ असं लिहून ठेवा.

हाताने भरायचं असेल तर तारखेच्या दोन-तीन दिवस आधी भरा. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी भरलं तर मॅन्डेट आधीच बँकेकडे निघालेलं असतं आणि पैसे दोनदा जातात. जास्तीचे परत येतात, पण त्याला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात ७ तारखेचा हप्ता बाउन्स होतो. मॅन्डेट परत गेल्यावर भरतानाही तेच. ८ तारखेला पुन्हा लावणार असं अ‍ॅपने कळवलं असेल तर ६ ला भरून मोकळे व्हा, ७ च्या रात्री नको.

तुमच्या पाच तारखांत ५ तारखेला दोन आहेत. खात्यात एकाच हप्त्याचे पैसे असतील तर कोणता आधी लागेल ते तुमच्या हातात नाही. छोटा लागला तर मोठा बाउन्स, आणि बाउन्सचे बँकेचे २९५ त्याच खात्यातून कापले गेल्याने ७ तारखेचाही बाउन्स. चार वेळा कापले ते असेच झालं असणार. यातला जो सर्वांत छोटा शिल्लक राहिलाय तो आधी पूर्ण फेडून बंद करा. एरवी मी जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा म्हणतो. इथे व्याज शून्य आहे आणि भुर्दंड मॅन्डेटच्या संख्येवर आहे, म्हणून संख्या कमी करणं फायद्याचं.

मी_सुलभा

हे पटलं. सर्वांत छोट्याचे १,१०० बाकी आहेत, या आठवड्यात बंद करते. बंद केल्यावर काही कागद घ्यायचा का?

वसुलीवाला_माजी

कर्ज बंद झाल्याचं पत्र, ‘नो ड्यूज’ म्हणतात ते. आणि अ‍ॅपवरची मर्यादा वापरायची नसेल तर तीही बंद करायला सांगा. नुसतं अ‍ॅप उडवल्याने कर्जखातं बंद होत नाही. महिन्याभराने अहवालात ‘बंद’ दिसतंय का पाहा. वर्षातून एकदा प्रत्येक ब्युरोकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि ब्युरो चार आहेत. चूक असेल तर ब्युरोकडे आणि कर्जदात्याकडे तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

दगडू

वस्तू परत केली तर हप्ते आपोआप थांबतात ना? की तेही नाही?

टाकसाळ

चांगला प्रश्न, दगडू. आपोआप नाही. वस्तू विक्रेत्याकडे पोहोचते, तो परतावा मंजूर करतो, तो कर्जदात्याला कळवतो, मग कर्ज बंद होतं. या साखळीत आठ-दहा दिवस सहज जातात आणि मधे हप्त्याची तारीख आली तर मॅन्डेट लागतंच. ‘वस्तू परत केलीय, मी कशाला भरू’ म्हणून खातं रिकामं ठेवलं की वर खतावणींनी मांडलेला सगळा हिशेब सुरू. भरा, नंतर परत मिळतात.

वस्तू खराब निघाली आणि विक्रेता हात वर करतोय, तेव्हा कार्डाचं पारडं जड होतं. कार्डावर व्यवहारालाच आव्हान देता येतं, चार्जबॅक म्हणतात. हप्त्याच्या कर्जात कर्जदाता म्हणतो, ‘मी विक्रेत्याला पैसे दिले, तुमचं भांडण त्याच्याशी.’

मात्र कर्जच नको असं लगेच वाटलं तर फेरविचाराची मुदत असते. २०२५ च्या डिजिटल कर्ज निर्देशांनुसार ती किमान एक दिवस, किती ते कर्जदाता ठरवतो आणि केएफएसमध्ये लिहितो. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा प्रमाणशीर खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रक्रिया शुल्क आधी सांगितलं असेल तर ते मात्र ठेवून घेऊ शकतात.

उनाड

ठीक, उधारी नाही, कर्ज आहे हे मानलं. पण मी अजून म्हणतो, ज्याला कार्डच मिळत नाही त्याने काय करायचं?

खतावणी

वापरा की. एका वेळी एकच, आणि तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी येत असेल तर. तारीख निवडू देत नसतील तर खरेदी कोणत्या दिवशी करताय त्यावर हप्त्याची तारीख ठरते का ते बघा. बऱ्याच ठिकाणी खरेदीनंतर बरोबर महिन्याने पहिला हप्ता येतो, चौकस यांच्या उदाहरणासारखा. मग ३० जूनऐवजी ८ जुलैला ऑर्डर टाकली की पुढचे तीन महिने सोपे.

चौकस

माझ्या बँकेच्या शुल्कपत्रकात रिटर्नची ओळ सापडली. पहिल्याला ४०० अधिक जीएसटी, त्याच महिन्यातल्या पुढच्यांना ५०० अधिक जीएसटी. म्हणजे माझ्या बाबतीत खतावणींचे २९५ अधिक २९५ नाहीत, ४७२ अधिक ५९० आहेत. एकूण १,५४८ झाले, कार्डाच्या पुढे गेलं.

मॅन्डेट रद्द करण्यावर आणखी कुणाला सांगायचं असेल तर सांगा, ते अजून ठरलेलं नाही. विशेषतः करारात दंडाचं कलम नसलेलं कर्ज कुणी पाहिलं असेल तर.